कंट्रोलरची सकाळची फेरी

बस आगारात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणायचे, आणि तेच नाव घरापर्यंत आलं. मग ओघाने त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली कंट्रोलरीण म्हणू लागली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा धाकट्या बहिणीने तिला विचारलं होतं, "घरात कंट्रोल कोणाचा गं?" ती म्हणाली होती, "त्यांचाच. मी करू देते ना!" एवढ्यावरून बाईचा स्वभाव कळावा.

कंट्रोलरचं काम काचेच्या खोलीत बसून माइकवर बोलायचं. कुठली गाडी कुठे लागली, कुठली सुटते आहे, कुठली आज येणार नाही. आवाज असा की फलाटाच्या टोकाला पेंगणारा माणूससुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. आवाजाचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? दुसरं काय होतं त्यांच्याकडे मिरवायला? पगार बेताचा, उंची बेताची, डोक्यावरचे केस तर लग्नाच्या फोटोतही बेताचेच.

आणि त्यांचा एक नियम होता. उशीर झालेली फेरी ओढत न्यायची नाही. एक गाडी उशिरा सोडली की ती परतीलाही उशिरा येते, मग तीच गाडी घेऊन जाणारी पुढची फेरी रखडते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या दिवसाचा विचका होतो. त्यापेक्षा मधली एक फेरी सरळ रद्द करा, लोकांच्या शिव्या खा, आणि पुढची वेळेवर सोडा. आगारात हा नियम सोन्यासारखा होता. घरात मात्र त्याच नियमाने या माणसाचं वाटोळं करायला घेतलं होतं, ते कसं, तेच सांगते आहे.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून रेझर खाली पडला. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "काय पाडलंत हो?" त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. आधी तिला वाटलं, तोंडात फेस गेलाय. बाहेर येऊन पाहते तर तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने पदर खोचला, शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांच्याच गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मेंदूतल्या एका शिरेत गुठळी अडकली होती.

जीव वाचला. पाय बराचसा वळणावर आला. उजवा हात खांद्यापर्यंत जेमतेम उचलला जाई आणि बोटं मुठीत वळून बसत. पण खरं नुकसान झालं होतं शब्दांचं. समजायचं सगळं. कोणी टोमणा मारला तर तोही समजायचा. पण डोक्यातून निघालेला शब्द तोंडाशी येईपर्यंत भलत्याच स्टॉपवर उतरून जायचा. चहा हवा असला की म्हणत, "टेबल." आणि आपण टेबल म्हणालो हे कळून स्वतःवरच इतके चिडत की मग तो चहाही नको म्हणत. वाचायचंही तसंच. अक्षरं ओळखीची वाटत, पण त्यांचा शब्द होईना.

रजा होती ती सणाच्या आठवड्यानंतर संपत होती. त्यानंतर आगाराच्या डॉक्टरांच्या समितीपुढे उभं राहायचं. तिथे एक कागद देणार, तो माइकवर वाचायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. जमलं तर पुन्हा काचेच्या खोलीत. नाही जमलं तर स्टोअरमध्ये, टायर आणि नटबोल्ट यांच्या सोबतीला. पगारात फार फरक नव्हता. पण स्टोअरचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की तिला त्यांच्याकडे बघवत नसे. तिने मनाशी घट्ट धरलं होतं, काही झालं तरी हा माणूस माइकवर परत जायला हवा.

बोलणं शिकवणारी बाई दवाखान्यातच बसे. तिला कंट्रोलरीण मास्तरीणबाई म्हणे. मास्तरीणबाईंचा आग्रह एकच: रोज सकाळी, थकवा यायच्या आधी, थोडाच पण न चुकता. आधी व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर दोन्ही हात ठेवून पुढे सरकवायचे, म्हणजे आखडलेला खांदा सुटतो. डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून उघडायची, हळूच, हिसका न देता. मग वाचन. पुस्तकातला छोटासा उतारा आधी बायकोने मोठ्याने वाचायचा, त्यांनी ओळीखालून बोट फिरवायचं. मग दोघांनी एका सुरात वाचायचा. मग त्यांनी एकट्याने. "आणि वहिनी," मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, "ते अडले की शब्द तोंडात घालू नका. थांबा. फार झालं तर पहिलं अक्षर द्या. शोधण्यात जी मेहनत होते ना, तीच खरी."

आता कंट्रोलरला कामाचं नाव काढलं आणि वेळापत्रक केलं नाही, असं होईल? डाव्या हाताने पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या. लिहिणं तिच्याकडून करवून घेतलं, बोट दाखवून, मान हलवून, चारदा खोडायला लावून. उठणं, पाणी, खुर्ची, टॉवेल, बोटं, पुस्तक, मग चहा, सगळं मिनिटावर. पुठ्ठा घड्याळाखाली टांगला. ती म्हणाली, "अहो, आपण दोनच माणसं. गाड्या कुठे सोडायच्या आहेत?" ते हसले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच हसले, म्हणून तिनेही पुढे काही बोलायचं टाळलं.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला गाडी झकास धावली. घर शांत होतं, दार बंद होतं. महिन्याभरात हात खांद्याच्या वर जाऊ लागला. "चहा" हा शब्द चहासाठीच येऊ लागला. एकदा तर एका दमात आख्खं वाक्य वाचलं, आणि ती वेडी त्याच ओळीवर बोट ठेवून शेजारणीला दाखवायला निघाली होती. त्यांनीच तिचा हात धरून थांबवलं.

मग लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, आणि दोघं मिळेल त्या गाडीने लेकीच्या गावी गेली. नातू झाला. आनंदच होता. पण तिथे दोन खोल्यांचं घर, जावई रात्रपाळीचा, सकाळी झोपलेला, बाळ कधी रडेल याचा नेम नाही. पहिल्या सकाळी ती म्हणाली, "चला, पुस्तक काढू?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. वेळ टळून गेली होती. डाव्या हाताने हवेत फुली मारली आणि म्हणाले, "रद्द."

हा शब्द मात्र पठ्ठ्याला कधी अडला नाही!

दुसऱ्या दिवशीही रद्द. तिसऱ्या दिवशी बाळाच्या आजीला, म्हणजे तिलाच, लंगोट धुण्यातून सवड नव्हती. परत येईपर्यंत सकाळची एकही फेरी झाली नाही. घरी आल्यावर रविवारी त्यांनी सगळी थकबाकी एकदम चुकती करायची म्हणून खुर्ची-टॉवेल-पुस्तक यांचा असा सपाटा लावला की दुपारी खांदा ठणकू लागला आणि पुढचे दोन दिवस हाताला कोणाला शिवू देईनात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ आणि जाऊबाई आजाऱ्याला भेटायला आले, ते आठवडाभर राहिले.

थोरले भावजी मनाने वाईट नव्हते. पण मदतीचा भारी सोस. कंट्रोलरनी "मला..." म्हटलं की भावजी म्हणायचे, "पाणी? पेपर? पंखा?" धाकट्याने मान हलवून नाही म्हणेपर्यंत पाण्याचा पेला हातात, पेपर मांडीवर आणि पंखा सुरू. जाऊबाई तर त्यांच्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायच्या, बहिऱ्याशी बोलावं तसं. सकाळी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या. खुर्ची गाद्यांच्या ढिगाखाली. कंट्रोलर उठायचे, दारातून ते दृश्य बघायचे, घड्याळ बघायचे आणि पुन्हा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिने एकदा आतल्या खोलीतच पुस्तक उघडलं, तर त्यांनी ते मिटून उशीखाली सारलं.

पाहुणे गेल्यावर मास्तरीणबाईंकडे जायचा दिवस आला. बाईंनी नेहमीचा उतारा पुढे केला. पहिल्याच शब्दाला कंट्रोलर अडले. दुसऱ्याला भलतंच म्हणाले. मग व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओने हात वर करायला सांगितला, तो खांद्याशीच थांबला, आणि बोटं पुन्हा मुठीत. ती बाजूच्या बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती.

मास्तरीणबाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाल्या, "मागे गेलोय आपण. पुसलं गेलेलं नाही, येईल परत. पण हेच महिने जास्त देणारे असतात, ते असे घालवू नका. का बंद झालं?"

"पाहुणे होते," ती म्हणाली. "त्याआधी प्रवास."

"मग पुढे सणाचा आठवडा आहे. तेव्हा काय करणार?"

दोघं फी देऊन बाहेर आली.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, पुठ्ठा भिंतीवरून ओढून काढला आणि जमिनीवर टाकला. "रद्द," म्हणाले. "सगळं... सगळं रद्द."

आणि मग तिचा जो इतके दिवस दाबलेला संताप होता, तो उसळला. मूग गिळून बसणारी बाई नव्हतीच ती, फक्त आजाऱ्याचा जीव म्हणून गप्प होती.

"खोटं बोलता तुम्ही!" ती म्हणाली. "उशीर झाला म्हणून रद्द म्हणे! उशिराचं निमित्त कोणाला सांगता? जावई ऐकेल, भाऊ ऐकेल, जाऊबाई कान देतील, म्हणून पुस्तक उशीखाली जातं. पहिलीतल्या पोरासारखं वाचताना लाज वाटते तुम्हाला. तुमचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय ना आजवर, म्हणून हा आवाज कोणाला ऐकू द्यायचा नाही! बरं. मग समितीपुढे काय करणार आहात? त्यांनाही बाहेर घालवून दार लावणार?"

बोलून झाल्यावर तिलाच भरून आलं. आजारी माणसाला असं कोणी बोलतं का? ते खुर्चीत बसले. डोळे पुसायला उजवा हात उचलू गेले, तो वर येईना, म्हणून डाव्याने पुसले. "हो," म्हणाले.

मग म्हणाले, "लाज."

हा शब्द शोधायला त्यांना किती कष्ट पडले ते तिने पाहिलं होतं. ती त्यांच्या पायाशी खाली बसली.

उपाय सुचला तो त्यांनाच. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी तिचा हात धरला आणि टेबलावर बोटाने एक रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोट अर्ध्यावर आणलं आणि गर्रकन मागे वळवलं. तिला कळेना. त्यांनी पुन्हा तेच केलं. "गाडी," म्हणाले. "गर्दी... मग..." तिची जीभ शब्द पुरवायला वळवळत होती, पण तिने ओठ मिटून धरले. "...मग... अर्ध्यातून. वळव."

आता तिच्या ध्यानात आलं. अनेकदा ऐकलं होतं तिने त्यांच्याकडून. मोर्चा असला, रस्ता बंद असला, गर्दी मावेनाशी झाली की लांब पल्ल्याची फेरी रद्द करत नाहीत, मधल्याच स्टॉपवरून गाडी वळवून परत आणतात. शेवटपर्यंत जात नाही, पण फेरी झाली असं धरतात, आणि पुढची फेरी तिच्या वेळेला सुटते. अहो, मग हे आधी का नाही सुचलं? रद्द करण्यात हुशारी होती, पण वळवण्यातही होती की! इतकी वर्षं दोन्ही करत आलेला माणूस, घरी फक्त एकच आठवलं त्याला.

नवा बेत मग दोघांनी मिळून ठरवला, आणि आता तो घड्याळाला नाही, चहाला बांधला. वेळ कुठलीही असो, घर कोणाचंही असो, सकाळचा पहिला चहा तर होतोच. आधण ठेवलं की व्यायाम सुरू, चहा गाळला की वाचन, आणि वाचल्यावर घोट. पूर्ण फेरी म्हणजे सगळं. वळवलेली फेरी म्हणजे पाच वेळा उठणं-बसणं, टॉवेल एकदा पुढे-मागे, बोटं एकदा उघडणं आणि दोनच ओळी. खुर्ची नसेल तर पलंगाची कड. टेबल नसेल तर मांडीवर उशी. ओळी जाडजूड पुस्तकातून नाहीत. तिने उताऱ्यांची पानं मोठ्या अक्षरात उतरवून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, प्रवासात पुस्तक शोधावं लागू नये म्हणून. एखादी सकाळ अगदीच गेली तर गेली, दुप्पट करून भरायची नाही. फक्त दुसरी जाऊ द्यायची नाही. आणि पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकायचं की सकाळी इथे हे चालतं, ऐकू येईल, आणि मध्ये बोलायचं नाही.

"हे शेवटचं तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही."

त्यांनी तोंड वाकडं केलं.

सणाचा आठवडा आला आणि घर भरलं. भावजी, जाऊबाई, त्यांच्या दोन सुना, पोरं, आणि वर कंट्रोलरची बहीण, म्हणजे तिच्या वन्सं. चपलांचा ढीग दाराबाहेर गेला. मोरीपुढे रांग. स्वयंपाकघरात चार बायका आणि एकच चाकू धार असलेला. संध्याकाळी सगळे बसलेले असताना तिने कंट्रोलरकडे नुसतं पाहिलं. ते उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि भावजी म्हणाले, "काय हवंय? पाणी?"

"नाही," कंट्रोलर म्हणाले. "दादा... थांब."

भावजी थांबले. सगळेच थांबले, पोरंसुद्धा. असं थांबल्यावर बोलणं किती कठीण होतं! त्यांना पुढचा शब्द सापडेना. "सकाळी..." म्हणाले. "मी..." मग गप्प. जाऊबाईंनी उसासा टाकला. वन्सं म्हणाल्या, "राहू दे रे, आम्हाला कळतं." त्यांनी मान हलवली, जोराने, नाही म्हणून. "सकाळी... वाचतो. वाईट... वाचतो. कोणी... शब्द... सांगू नका." आणि बसले. एवढं बोलायला त्यांना जणू जिना चढावा लागला होता, कपाळावर घाम होता.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात आधण ठेवलं गेलं. बसायला जागा म्हणून पिंपाशेजारचं स्टूल. ते पाचदा उठले, बसले. ओट्याच्या कडेवर टॉवेल सरकवला. तिने दोन ओळी वाचल्या, मग दोघांनी, मग त्यांनी एकट्याने. मोठ्या सूनबाई दूध घ्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. ते अडखळले, अडकले, मागे येऊन पुन्हा पुढे गेले. बाहेरच्या खोलीत भावजींना ऐकू जात होतं, आणि भावजी पुटपुटले, "अरे, 'प्रवास' आहे ते, 'प्रवास'..." त्यावर वन्संनी त्यांना असं काही दटावलं की पुढचा आठवडा ते मिशीतल्या मिशीत गप्प राहिले. "घोडं पेंड खातं तिथे खाऊ दे," वन्सं म्हणाल्या, "तू कशाला चाबूक घेऊन धावतोस?"

सगळं छान झालं असं नाही. मुख्य सणाच्या दिवशी पहाटेपासून कामाची धांदल अशी उडाली की फेरी झालीच नाही. आणि त्या रात्री तिला धास्ती वाटली, उद्या हे पुन्हा हवेत फुली मारणार. तिने पलीकडे वळून बघितलं, ते छताकडे बघत जागे होते. सकाळी सगळे उशिरा उठले, चहा व्हायला उन्हं आली. तिने आधण ठेवलं आणि मुद्दाम हाक मारली नाही. ते पाय ओढत आले, स्टूल स्वतःच ओढलं, खिशातलं पान काढलं. तिने मान शेगडीकडे वळवली, कारण तिचे डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

पाहुणे गेले तेव्हा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला होता. उतारे पुढे सरकले होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "पाहुण्यांत राहूनही पुढे आलात!" आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, आता होणार. आता होणारच.

समितीच्या दिवशी तिने त्यांचा सदरा स्वतः इस्त्री केला. लांबच लांब खोली, टेबलापलीकडे तिघं. तिला दारापाशी बसू दिलं. त्यांना कागद दिला, समोर माइक ठेवला. ते वाचू लागले. पहिल्या दोन ओळी गेल्या. आवाज तोच होता, देवाशपथ तोच होता, खोलीत भरला आणि तिच्या अंगावर काटा आला. मग तिसऱ्या ओळीत गाडीचा क्रमांक आला. आकडा उलटा आला. ते थांबले, चूक त्यांनाच कळली, दुरुस्त करायला गेले, पुन्हा उलटा आला. आता फलाटाचा क्रमांक चुकीचा. घड्याळ चालू होतं. समितीतल्या डॉक्टरांनी पुष्कळ थांबून पाहिलं, अगदी पुष्कळ, मग हळूच कागद परत घेतला.

डॉक्टर चांगले होते हो. म्हणाले, "सुधारणा फार चांगली आहे. पण चुकीचा फलाट सांगितला तर म्हातारी माणसं सामान घेऊन भलतीकडे धावतील. हे तुम्हाला मी सांगायला नको." कंट्रोलरनी मान हलवली. खरंच सांगायला नको होतं. सहा महिन्यांनी पुन्हा या, तोवर स्टोअर. पाकिटातून पत्र दिलं. येताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. तिला मनात येत होतं, इतक्या सकाळी, इतकं अडखळणं, भरल्या घरात केलेला इतका हट्ट, आणि हाती काय? त्या रात्री तिने सदऱ्याच्या खिशातली पानं काढून कपाटात ठेवून दिली. आता कशाला त्यांना रोज डिवचायचं?

सकाळी ती आधण ठेवत होती. आज त्यांना उठवायचं नाही असं ठरवलं होतं. मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. ते बसत होते, उठत होते, बसत होते. मग ओट्यावर टॉवेल. तिने चहा गाळला. वळून बघते तर त्यांच्यासमोर पान नव्हतं. कालचं पत्र होतं.

"अहो, हे नको," ती म्हणाली. "थांबा, मी पुस्तक आणते."

"हेच," ते म्हणाले.

"माझ्याने नाही वाचवणार हे."

त्यांनी पत्र तिच्याकडे सरकवलं, डावं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि वाट पाहिली. तिने वाचलं. वाहतूक नियंत्रक या पदाच्या कामासाठी आपण सध्या अपात्र आढळला आहात. तिचा आवाज मध्येच फाटला, तरी वाचलं. मग दोघांनी एका सुरात वाचलं, तिचा आवाज रडवा आणि त्यांचा जाड. मग ती थांबली, आता त्यांची पाळी.

"अपात्र" हा शब्द ते कुठेही न अडता म्हणून गेले असते, पण वाक्य तिथपर्यंत पोहोचलंच नाही. ते पहिल्याच अडथळ्याला, स्वतःच्या हुद्द्याला अडकले. "वाहतूक..." म्हणाले. "वाहतूक... नि..." तिच्या जिभेवर तो शब्द उभा होता. आयुष्यभर तोच शब्द इंग्रजीतून ऐकला होता तिने, त्यावरूनच गल्ली तिला कंट्रोलरीण म्हणत आली होती. तिने तोंडाला पदर लावला आणि गप्प बसली. "नि..." ते म्हणाले. चहावर साय धरली. बाहेर दूधवाला दार वाजवून निघून गेला. ते मागे आले, पुन्हा पहिल्यापासून ओळीखालून बोट फिरवत निघाले, आणि ती तशीच थांबून राहिली.